राखून ठेवलेले पैसे आणि पावसाळ्यानंतरची ओल

पुण्यातल्या जुन्या सोसायटीतल्या एका फ्लॅटचं नूतनीकरण समजा सहा लाखांत ठरलं. करारात पाच टक्के, म्हणजे तीस हजार रुपये, राखून ठेवायचं कलम आहे. काम ताब्यात मिळालं की त्यातले पंधरा हजार ठेकेदाराला द्यायचे, उरलेले पंधरा हजार बारा महिन्यांनी. हे बारा महिने म्हणजे डिफेक्ट लायबिलिटी पिरियड. या काळात कामातला दोष उघडा पडला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा.

मुदत वर्षाची असण्यामागे व्यवहारी शहाणपण आहे: तिच्यात एक पावसाळा येतो.

ताबा मिळाल्यावर सहा महिन्यांनी खालच्या घरमालकाच्या छतावर ओल दिसली. दोष कुणाचा? ओल सतत राहत असेल, तर संशय नळाच्या पाइपवर. आंघोळीनंतरच वाढत असेल, तर जमिनीच्या वॉटरप्रूफिंगवर किंवा सांडपाण्याच्या जाळीभोवतीच्या जोडावर. जाळी बंद करून बाथरूममध्ये चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी कोंडलं की बराच उलगडा होतो. पण घरमालकाने नंतर स्वतःच गीझर बसवण्यासाठी भिंत फोडून पाइपला धक्का लावला असेल, तर तो दोष ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही.

ओलीचा फोटो, तारीख आणि चाचणीचा निकाल जोडून ठेकेदाराला लेखी कळवायचं, दुरुस्तीला करारातली किंवा वाजवी मुदत द्यायची. फोनवरचं भांडण पुरावा म्हणून लंगडं पडतं. ठेकेदार आलाच नाही, तर दुसऱ्याकडून काम करून घ्यावं, आधी शक्यतो दोन दरपत्रकं घ्यावीत आणि पावत्या जपाव्यात. दुरुस्तीला बावीस हजार आणि शेजाऱ्याच्या छताच्या रंगाला चार हजार लागले, तर राखलेले पंधरा हजार वळते करूनही अकरा हजार उरतात. राखलेली रक्कम ही जबाबदारीची मर्यादा नव्हे. करारात उलट अट नसेल, तर १८७२च्या करार कायद्याच्या ७३व्या कलमाखाली उरलेल्या नुकसानीची भरपाई मागता येते.

उलट बाजूही तितकीच खरी. बाथरूमच्या टाइलला चरा गेला म्हणून शेवटचे दोन लाख अडवणं मालकालाच महागात पडतं. अपुऱ्या किंवा सदोष कामाच्या खर्चाइतकीच रक्कम रोखणं समर्थनीय ठरतं. बाकीचं बिल थकवलं, तर वसुलीचा दावा ठेकेदारच लावू शकतो. करारात राखीव रकमेचं कलमच नसेल, तर 'पाच टक्के ठेवायचीच पद्धत असते' एवढ्यावर वर्षभर पैसे दाबून ठेवता येत नाहीत.

अनेकांचा आणखी एक गैरसमज असतो. रेरातली पाच वर्षांची दोषदुरुस्तीची हमी बांधकाम विकासकाकडून घेतलेल्या घराला लागू होते, आतल्या नूतनीकरणाच्या ठेकेदाराला नाही. तिथे करारातली मुदत आणि सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोग, हेच मार्ग उरतात. आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते.