उत्तरतालिका झाकून ठेवा

आधी एक छोटा उतारा वाचू. ‘दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात झाला. ३ मे १९१३ पासून तो कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांना दाखवला जाऊ लागला. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती.’

हा उतारा भाषेच्या यंत्राला देऊन त्यावर प्रश्न काढायला सांगितले, तर त्यातला एखादा असा निघू शकतो: ‘राजा हरिश्चंद्र हा चित्रपट सर्वप्रथम कधी दाखवण्यात आला? अ) १८ मे १९१२ ब) २१ एप्रिल १९१३ क) ३ मे १९१३ ड) ३० एप्रिल १८७०.’ उत्तरतालिकेत ‘क’.

बहुतेक जाणते वाचक या प्रश्नावरून मान डोलावत पुढे जातील. ३ मे ही तारीख सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात आहे, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या तर ती जिभेवरच असते. पण उतारा पुन्हा वाचला की घोळ दिसतो. चित्रपट ‘सर्वप्रथम’ दाखवला गेला तो २१ एप्रिललाच, निमंत्रितांना का होईना. तेव्हा उताऱ्याप्रमाणे उत्तर ‘ब’. ‘क’ हे एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे: लोकांसाठी खेळ केव्हा सुरू झाले? यंत्राने प्रश्न लिहिताना ‘लोकांसाठी’ हा शब्द गाळला आणि उत्तर मात्र त्या शब्दाला धरून दिले.

असे वीस हजार प्रश्न एकगठ्ठा तयार होऊन आले की तपासणाऱ्याचे खरे काम सुरू होते. यंत्राच्या चुका अडाण्यासारख्या नसतात, ही त्यातली पहिली अडचण. भाषा सफाईदार असते, पर्याय एकाच साच्यातले, स्पष्टीकरण ऐटबाज. शुद्धलेखन चुकलेले असते तर माणूस सावध झाला असता. (वरच्या पर्यायांतली ३० एप्रिल १८७० ही फाळक्यांची जन्मतारीख आहे. तो पर्याय हास्यास्पद असला तरी चूक नाही. तपासनिसाने आपला राग अशा पर्यायांवर खर्च करू नये.)

चुका येतात कुठून, हे कळले की शोधणे सोपे जाते. यंत्र प्रश्न, चार पर्याय, उत्तराचे अक्षर आणि स्पष्टीकरण बहुधा एका दमात आणि याच क्रमाने लिहिते. म्हणजे अक्षर आधी ठरते आणि कारण मागाहून येते. मग स्पष्टीकरणात बरोबर तारीख आणि वर अक्षर भलतेच, असा प्रकार घडतो. दुसरी जागा पर्यायांच्या अदलाबदलीची. बरोबर उत्तर सतत ‘ब’ वर येऊ नये म्हणून एखादा छोटा प्रोग्राम पर्याय पिसतो. पर्याय पिसले गेले आणि उत्तराचे अक्षर जुनेच राहिले, तर प्रश्नांचा एक अख्खा तुकडाच बिघडतो. तिसरी जागा नकाराची: ‘पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे?’ अशा प्रश्नात यंत्र अधूनमधून बरोबर विधानालाच उत्तर ठरवते, कारण पानभर बरोबर विधाने शोधण्याची त्याची लय लागलेली असते.

यातला बराच कचरा चाळणीनेच काढता येतो, माणसाच्या डोळ्यांची गरज लागत नाही. स्पष्टीकरणात एका पर्यायाचा मजकूर जसाच्या तसा आला आणि तालिकेतले अक्षर दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवत असेल, तर तो प्रश्न बाजूला. दोन पर्याय हुबेहूब सारखे असतील तर तोही बाजूला. अ, ब, क, ड यांची मोजणी करून पाहावी. शंभरात पन्नास उत्तरे ‘ब’ निघाली तर कुठेतरी पाणी मुरते आहे. मराठीत या चाळणीला एक खास खोट आहे. उताऱ्यात ‘१९१३’ देवनागरी अंकांत आणि पर्यायात तोच आकडा इंग्रजी अंकांत असेल, तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर. ‘ऱ’ हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘र’ खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांनीही. पडद्यावर फरक दिसत नाही, तुलना मात्र फसते. म्हणून सगळा मजकूर आधी एका वळणावर आणावा लागतो, नाहीतर चाळणी चांगल्या प्रश्नांनाही दगड समजून बाहेर टाकते.

चाळणीतून फाळक्यांचा प्रश्न मात्र सुटतो. स्पष्टीकरणातही ३ मे, तालिकेतही ३ मे, सगळे एकमेकांशी जुळणारे. इथे माणूसच लागतो, आणि त्याने कसे वाचावे यावर सगळे अवलंबून आहे.

पद्धत साधी पण कंटाळवाणी आहे. तपासनिसाच्या समोर उतारा आणि प्रश्न ठेवायचा, उत्तर झाकायचे. त्याने उताऱ्यातूनच उत्तर शोधायचे, ज्या वाक्यावरून ते मिळाले त्याखाली रेघ ओढायची, आणि मगच तालिका उघडायची. उत्तर आधी दिसले की डोळा पुरावा शोधत नाही, दुजोरा शोधतो. ‘३ मे’ हे शब्द उताऱ्यात सापडले की त्याचे समाधान होते. आणि विषयातला जाणकार इथे जास्त धोक्यात असतो. चित्रपटाच्या इतिहासाचा अभ्यासक उतारा न वाचताच उत्तर देतो. नवखा विद्यार्थी निमूटपणे दोन्ही वाक्ये वाचतो आणि ‘सर्वप्रथम’ या शब्दाशी अडतो.

झाकून दिलेले उत्तर तालिकेशी जुळले नाही, तर लगेच तालिका चूक ठरत नाही. प्रश्न तिसऱ्या माणसाकडे जातो आणि त्याला प्रकार ठरवायचा असतो. इथेच पुष्कळ तपासण्या ढिल्या पडतात, कारण ‘चूक’ या एका शिक्क्याखाली निरनिराळी दुखणी टाकली जातात.

फाळक्यांच्या प्रश्नात तालिका उताऱ्याच्या विरोधात आहे. आता समजा, जुन्या भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्रात ३५ जिल्हे दिले आहेत आणि तालिकाही ३५ च म्हणते. तालिका उताऱ्याशी इमानदार आहे, पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि जिल्हे ३६ झाले. इथे उत्तर बदलून ३६ केले तर ते उताऱ्याच्या विरोधात जाईल आणि पुढचा तपासनीस ते पुन्हा ‘दुरुस्त’ करील. खरी दुरुस्ती उताऱ्याची, किंवा प्रश्नात वर्ष घालण्याची. कळसूबाईचे दुखणे आणखी वेगळे. उताऱ्यात ‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर’ असते आणि प्रश्नात ‘सह्याद्रीतील सर्वांत उंच शिखर कोणते?’ होते. सह्याद्री म्हणजे अख्खा पश्चिम घाट असे धरले तर केरळातली २६९५ मीटरची अनैमुडी पुढे येते. तालिका चूक म्हणवत नाही, प्रश्नच सैल आहे. ‘भारतातील पहिला चित्रपट कोणता?’ हाही याच जातीचा, पण वरच्या उताऱ्यात ‘पहिला’ असा शब्दच नाही. यंत्राने ते ज्ञान बाहेरून आणले, आणि बाहेर तर दादासाहेब तोरणे यांच्या १८ मे १९१२ च्या ‘श्री पुंडलिक’चे समर्थक वाट पाहतच आहेत.

यंत्राने रचलेल्या प्रश्नसंचाची सर्वांत बोलकी हातमोजणी इंग्रजीतली आहे. २०१५ साली डीपमाइंडच्या संशोधकांनी सीएनएन आणि डेली मेलच्या बातम्यांतून दहा लाखांहून अधिक प्रश्न यंत्राकरवी बनवले. बातमीबरोबर दिलेल्या ठळक मुद्द्यांतले एखादे नाव गाळून ‘रिकामी जागा भरा’ केले, आणि नावांच्या जागी क्रमांक घातले. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या डॅन्ची चेन, जेसन बोल्टन आणि ख्रिस्तोफर मॅनिंग यांनी सीएनएनच्या भागातले शंभर प्रश्न हाताने वाचले. शंभरपैकी आठांत एकाच व्यक्तीची दोन नावे न ओळखता आल्याने रचनाच बिघडली होती, आणि सतरांत माणसालाही नेमके उत्तर सांगता येईना. म्हणजे प्रश्नांचा चौथा हिस्सा गेला. उत्तरे देणारे प्रोग्राम तोवर सत्तर टक्क्यांच्या पुढे पोचले होते. तिथून वर चढायला फारशी जागाच नव्हती. मोठमोठ्या गटांनी वापरलेला संच, आणि त्याची ही अवस्था कळायला शंभरच प्रश्न नीट वाचावे लागले.

माणसांनी जमवलेले संचही धुतल्या तांदळासारखे नसतात. एमएमएलयू हा सत्तावन्न विषयांचा संच यंत्रांची परीक्षा घ्यायला जगभर वापरला गेला. २०२४ मध्ये त्याची फेरतपासणी झाली तेव्हा विषाणूशास्त्राच्या तपासलेल्या प्रश्नांपैकी ५७ टक्क्यांत काही ना काही दोष निघाला.

शंभर वाचून दोष किती ते कळते, पण कुठे आहेत ते कळत नाही. ज्यांना संच विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा आहे, त्यांना सगळेच वाचावे लागतात, आणि मग प्रश्न उरतो: वाचूनही किती निसटले? त्यासाठी तळ्यातले मासे मोजणाऱ्यांची युक्ती वापरतात. दोन तपासनीस एकमेकांशी न बोलता तोच गठ्ठा वाचतात. समजा पहिल्याला ४० चुका सापडल्या, दुसऱ्याला ३०, आणि त्यांतल्या २४ दोघांना समान. दुसऱ्याच्या ३० पैकी २४ पहिल्यालाही दिसल्या, म्हणजे पहिल्याची नजर पाचांतल्या चार चुका पकडते. मग त्याच्या ४० चुका म्हणजे एकूण सुमारे ५०. दोघांनी मिळून वेगवेगळ्या ४६ पकडल्या, तेव्हा चारेक अजून आत दडल्या असाव्यात.

हा हिशेब उजेडाच्या बाजूचा आहे. ‘३ मे’ सारखी चूक दोघांनाही चकवते, कारण दोघेही तेच पुस्तक वाचून मोठे झालेले असतात. त्यामुळे खरा आकडा नेहमी या अंदाजाहून थोडा जास्तच धरावा. म्हणून शहाणे लोक गठ्ठ्यात आधीच काही बनावट चुका पेरून ठेवतात आणि त्यांतल्या किती परत आल्या ते पाहतात. पेरलेल्या चुका फार ढोबळ असल्या तर मात्र गुण फुकटचे मिळतात.

आपल्याकडे ही सारी तपासणी परीक्षेनंतर होते. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, उमेदवार संदर्भग्रंथांचे पान जोडून हरकती घेतात, मग अंतिम तालिका येते आणि त्यात काही प्रश्न रद्दही होतात. एका अर्थाने हजारो परीक्षार्थी फुकटचे तपासनीस असतात, आणि ते उत्तर झाकूनच प्रश्न सोडवून आलेले असतात. यंत्राच्या संचाला ही सोय नाही. त्याचे प्रश्न सरावाच्या पुस्तकात जातात, तिथून दुसऱ्या यंत्राच्या शिकवणीत जातात, आणि हरकत घ्यायला कोणी नसते.

फाळक्यांच्या प्रश्नावर परत येऊ. तिसऱ्या माणसाने प्रकार लिहिला: तालिका उताऱ्याच्या विरोधात. दुरुस्ती दोन तऱ्हांनी करता येते. तालिकेत ‘ब’ करावे, किंवा प्रश्न ‘सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी कधीपासून दाखवला जाऊ लागला?’ असा लिहून ‘क’ तसाच ठेवावा. दुसरा रस्ता बरा, कारण त्यात विद्यार्थी आधीच पाठ असलेली तारीख विनाकारण विसरत नाही, आणि २१ एप्रिल हा पर्याय चांगला चकवा ठरतो. पण दुरुस्ती करून हात झटकून चालत नाही. याच उताऱ्यावरून आणखी सात प्रश्न निघाले होते. ते सगळे पुन्हा बाहेर काढले, आणि त्यांतल्या एकात तारामतीची भूमिका करणारी ‘अभिनेत्री’ कोण असे विचारलेले सापडले.