दोन तारखांमधल्या नोंदी मोजताना

सोसायटीच्या तक्रारी हल्ली रहिवासी मोबाइलवरून फॉर्म भरून देतात आणि त्या आपोआप एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये जमा होतात. महिन्याच्या सभेत सेक्रेटरींना प्रश्न येतो, एप्रिलमध्ये किती तक्रारी आल्या? समजा A2 ते A7 मध्ये सहा नोंदींच्या तारखा आहेत: 31 मार्च, मग 1, 12 आणि 18 एप्रिल, आणि शेवटी 30 एप्रिलच्या दोन, एक सकाळची, एक संध्याकाळी सहाची. E1 मध्ये 01/04/2025 आणि E2 मध्ये 30/04/2025 लिहिलंय. बरेच जण पहिल्यांदा असं लिहितात:

```
=COUNTIFS(A2:A7,">=E1",A2:A7,"<=E2")
```

उत्तर येतं शून्य. अवतरण चिन्हांत जे असेल ते एक्सेल जसंच्या तसं घेतं. E1 हा पत्ता आहे हे त्याला कळत नाही, ती त्याच्यासाठी नुसती दोन अक्षरं असतात. म्हणून फक्त तुलनेचं चिन्ह अवतरणात ठेवायचं आणि सेलचा पत्ता बाहेर ठेवून & ने जोडायचा:

```
=COUNTIFS(A2:A7,">="&E1,A2:A7,"<="&E2)
```

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे दिवसांचा एक क्रमांक. 1 एप्रिल 2025 चा क्रमांक 45748. त्यामुळे पहिली अट जोडल्यावर ">=45748" अशी तयार होते आणि ती प्रत्येक नोंदीला लावून पाहिली जाते. दोन्ही अटी पाळणारी नोंदच मोजली जाते.

तरीही इथे उत्तर 3 येतं, हवंय 5. घोळ 30 तारखेचा आहे. फॉर्म तारखेबरोबर वेळही नोंदवतो आणि वेळ म्हणजे त्या क्रमांकाचा अपूर्णांक. 30 एप्रिल संध्याकाळी सहा म्हणजे 45777.75, तर E2 मधली नुसती तारीख म्हणजे 45777, अर्थात त्या दिवसाची मध्यरात्र सुरू होतानाचा क्षण. शेवटच्या दिवसाच्या दोन्ही तक्रारी त्याच्या पुढच्या, म्हणून गळाल्या. ही चूक फार फसवी, कारण आकडा खरा वाटतो. उपाय सोपा आहे, दुसऱ्या दिवसाच्या आधीचं सगळं मोजायचं:

```
=COUNTIFS(A2:A7,">="&E1,A2:A7,"<"&E2+1)
```

बेरीज आधी होते, जोडणी नंतर, त्यामुळे कंस लागत नाही. आता 5 येतात. माझ्या मते तारखेला वेळ असो वा नसो, सवय याच सूत्राची लावावी.

एवढं करूनही आकडा कमी वाटला तर एखादी तारीख मजकूर म्हणून साठली आहे का ते पाहावं. अशी तारीख सेलच्या डावीकडे चिकटलेली दिसते आणि या अटींत धरलीच जात नाही. =COUNT(A2:A7) आणि =COUNTA(A2:A7) यांची उत्तरं ताडून पाहा. पहिलं कमी आलं तर फरकाइतके सेल तारखा नाहीत. एक्सेलमध्ये ते Text to Columns मध्ये जाऊन, तिसऱ्या पायरीवर Date मध्ये DMY निवडून दुरुस्त करता येतात.