जुन्या रेडिओतला मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ उघडला, की आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर दिसतो. ईएल ८४ व्हॉल्व्हला सुमारे ५,००० ओहमचा भार हवा असतो. स्पीकर मात्र ८ ओहमचा. वेढ्यांचं प्रमाण २५ ला १ असलं, की व्होल्टेज २५ पट उतरतं आणि करंट २५ पट चढतो. ओहम म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, म्हणून फरक २५ पटींचा नव्हे, ६२५ पटींचा पडतो. ८ गुणिले ६२५, बरोबर ५,०००! ही वर्गाची करामत मला फार आवडते. तिथे ४ ओहमचा स्पीकर जोडला, तर व्हॉल्व्हला २,५००च दिसतात आणि मोठा केलेला आवाज लवकर फाटतो. अनोळखी ट्रान्सफॉर्मर हाती आला, की मी सुट्या ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या टोकांना १ व्होल्ट एसी देतो आणि दुसरीकडे मीटरवर २५ दिसतात का, ते बघतो.