प्रधान पद कोणतं?

साताऱ्यात राजवाड्याच्या स्टॉपवर उतरून थोडं चाललं की एका जुन्या घराच्या माडीवर संध्याकाळी मराठी व्याकरणाचा वर्ग भरतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली सतरंजीवर बसतात. शिकवणारे सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले. मी तिथे गेले ती भाचीच्या सराव प्रश्नपत्रिकेमुळे. तिने ‘नीलकंठ’ शब्दापुढे कर्मधारय लिहिलं होतं. उत्तरसूचीत बहुव्रीही होतं, आणि का, ते कुठेच दिलं नव्हतं. “विग्रह पाठ करायचे असतात, मावशी,” ती म्हणाली. इतकी तर्कशुद्ध गोष्ट पोरं पाढ्यांसारखी घोकतात याचं मला फार वाईट वाटलं, आणि मी तिच्यासोबत माडीवर जाऊन बसले.

सरांनी फळ्यावर आधी चार खाने आखले. “पदं दोन,” ते म्हणाले, “तेव्हा महत्त्व एकतर पहिल्याला, नाहीतर दुसऱ्याला, नाहीतर दोघांना, नाहीतर दोघांनाही नाही. खाने चारच. पाचवा कुठून आणणार?” पहिलं पद प्रधान तो अव्ययीभाव, दुसरं प्रधान तो तत्पुरुष, दोन्ही प्रधान तो द्वंद्व, आणि दोन्ही सोडून तिसऱ्याच कुणाकडे बोट दाखवणारा तो बहुव्रीही. कर्मधारय आणि द्विगु हे तत्पुरुषाच्याच घरातले. ही वाटणी पतंजलीच्या महाभाष्याइतकी जुनी आहे. गाइडांमध्ये मात्र हे सगळे प्रकार एकाखाली एक सारख्याच मानाने छापतात, आणि तिथेच चार खाने पुसले जातात.

सर फळ्यावर सुटा शब्द लिहीत नाहीत, वाक्य लिहितात. ‘बैलगाडी आली.’ मग डाव्या तळहाताने ‘बैल’ झाकतात. “वाचा.” गाडी आली. “खरं की खोटं?” खरं. हात सरकवून ‘गाडी’ झाकतात. आता ‘बैल आली’ असं उरतं, आणि वर्ग हसतो. क्रियापदच नकार देतं. बैल पुल्लिंगी, गाडी स्त्रीलिंगी, आणि ‘आली’ हे गाडीचं ऐकतं. पुरणपोळी करपली, साखरभात शिजला, सगळीकडे तेच. तो खडूने पांढरा झालेला हात मला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. एवढ्या साध्या हालचालीत अख्खं प्रकरण मावतं.

मग खिडकीतून दिसणारा किल्ला फळ्यावर आला. ‘अजिंक्यतारा दिसतो.’ इथे लिंग काही बोलत नाही, कारण तारा पुल्लिंगी आणि किल्लाही पुल्लिंगी. एका मुलाने बहुव्रीही म्हटलं. त्याचं म्हणणं, किल्ला काही आकाशातला तारा नव्हे, म्हणजे शब्द तिसऱ्याच वस्तूकडे बोट दाखवतो. सर थांबले. “किल्ल्याकडे तारा आहे का? अजिंक्य आहे तारा ज्याचा, असा अर्थ निघतो का?” नाही निघत. किल्ल्यालाच तारा म्हटलंय, कसला तारा तर अजिंक्य. म्हणून कर्मधारय. बहुव्रीहीत मालकी लागते, कुणाकडे तरी काहीतरी असावं लागतं. नाव लाक्षणिक झालं म्हणून समासाचा खाना बदलत नाही.

मला यातलं इतिहासाचं अंग फार आवडलं. औरंगजेबाने १७०० मध्ये हा किल्ला घेतला आणि आपल्या मुलाच्या, आजमच्या नावावरून त्याला आजमतारा केलं. ताराराणींच्या काळात तो परत आला आणि अजिंक्यतारा झाला. राज्य बदललं तसं पुढचं विशेषण बदललं, तारा मात्र हलला नाही. प्रधान पदाचं काम हेच, की विशेषणं येतात-जातात आणि वस्तू तीच राहते.

द्वंद्वाला सरांनी ‘आणि’ घालून पाहायला सांगितलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. ‘आईवडील आले’मध्ये क्रियापद अनेकवचनी, माणसं दोन, दोघंही तितकीच महत्त्वाची. ‘मीठभाकर खाल्ली’ मात्र एकवचनी. इथे मीठ आणि भाकर मोजलेली नाहीत, सोबतचं कालवण, कांदासुद्धा त्यात आले. हा समाहार द्वंद्व. क्रियापद भाकरीमागे गेलं म्हणून भाकर एकटी प्रधान ठरत नाही. पाणिनीने द्वंद्व आणि तत्पुरुष या दोन्हींना शेवटच्या पदाचं लिंग दिलंय. तेव्हा शेवटच्या पदाचं लिंग मिळालं तर निदान दोन खाने शिल्लक राहतात, एक नव्हे. गाइडांतल्या सोप्या युक्त्या नेमक्या इथे फसतात.

लिंगाची खरी ताकद दिसते ती मेळ मोडतो तेव्हा. ‘उदर’ नपुंसकलिंगी, ‘आनन’ही नपुंसकलिंगी. पण आपण ‘लंबोदर आला’, ‘गजानन आला’ म्हणतो. मागच्या रांगेतली एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे लिंग आतून आलंच नाही, बाहेरच्याचं आलं!” सरांनी खडू खाली ठेवला. तिने अन्यपदप्रधान या शब्दाची व्याख्याच केली होती. आता ‘नीलकंठ’ घ्या. कंठ पुल्लिंगी, शंकरही पुल्लिंगी, म्हणजे लिंग गप्प. मग तळहात. ‘नीलकंठ प्रसन्न झाला’मधलं ‘नील’ झाकलं तर कंठ प्रसन्न झाला, असं उरतं. ते खोटं. प्रसन्न झाला तो कंठ नव्हे, कंठ ज्याचा आहे तो. माझ्या भाचीने त्या संध्याकाळी पहिल्यांदा उत्तर खोडताना कारणही लिहिलं.

संस्कृतात हा निवाडा स्वरावर व्हायचा. महाभाष्यात एका कथेचा दाखला आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. मंत्रातला ‘इंद्रशत्रू’ हा शब्द तत्पुरुषाच्या स्वरात, म्हणजे शेवटचं अक्षर उदात्त ठेवून म्हणायचा होता. उच्चार झाला तो पहिल्या पदावर आघात देऊन, बहुव्रीहीचा. अर्थ झाला, इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो. तो मुलगा, वृत्र, इंद्राच्या हातून मेला. मराठीत तो स्वर उरला नाही, म्हणून आपल्याला लिंग, वचन आणि वाक्य यांच्यावर भागवावं लागतं.

पुढे मिरजेला गेले तेव्हा सतारमेकरांच्या दुकानांत भोपळे टांगलेले पाहिले आणि सर आठवले. सतार हा शब्द फारसी ‘सेह तार’ म्हणजे तीन तारा यांवरून आला असं मानतात. तार स्त्रीलिंगी, सतारही स्त्रीलिंगी, लिंग पुन्हा गप्प. पण सतार ही तार नव्हे, आणि तीन तारांचा नुसता जुडगाही नव्हे. तारा असलेलं वाद्य. आधी संख्या दिसली की मुलं द्विगु लिहून मोकळी होतात. पंचवटी हा पाच वडांचा समूह, तो द्विगु. दशानन हा दहा तोंडांचा समूह नव्हे, ती तोंडं ज्याला आहेत तो रावण. सतार दशाननाच्या खान्यात जाते. आजच्या सतारीला तिनाहून कितीतरी जास्त तारा असतात, तरी खाना बदलत नाही.

एक विनंती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना. ‘पीतांबर’ नेसून पूजेला बसले तर तो कर्मधारय, ‘पीतांबराला’ हात जोडले तर बहुव्रीही. सुटा शब्द देऊन एकच पर्याय बरोबर धरला, तर विचार करणाऱ्या मुलाचा गुण जातो. शब्द वाक्यात छापा. जागा एका ओळीचीच लागते.