उतारा किती वेगाने वाचायचा?

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये, म्हणजे सीसॅटमध्ये, दोन तासांत ८० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि उतारा वाचण्याचा वेळही त्यातच आला. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीच्या उत्तराला त्याचा चौथा हिस्सा वजा. हा हिशेब समजला की विद्यार्थी वेग वाढवायच्या मागे लागतात आणि वेगवान वाचनाचे क्लास शोधू लागतात.

असे क्लास नवे नाहीत. अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये वेगवान वाचनाचे वर्ग सुरू केले, तेव्हापासून मिनिटाला हजारो शब्द वाचून देण्याची आश्वासने दिली जात आहेत. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. वेग बराच वाढवला की आकलन घटते, हा त्याचा निष्कर्ष होता. कारणही सरळ आहे. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही; तो एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो आणि मग पुढे उडी घेतो. पण खरा वेळ डोळा हलवण्यात जातच नाही. तो शब्द ओळखण्यात आणि आधीच्या शब्दांशी त्याचा अर्थ जोडण्यात जातो. म्हणून डोळ्यांचे व्यायाम करून फारसे काही हाती लागत नाही. अधूनमधून नजर मागे जाते, तीही वाईट खोड नव्हे. निसटलेला अर्थ पकडायला ती मागे जाते, आणि प्रयोगात तिला अडवले तेव्हा वाचकांना मजकूर कमी समजला.

मराठीत घाईचा फटका एका ठरावीक जागी बसतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकारही. ‘शासनाच्या धोरणामुळेच पाणीटंचाई वाढली असे म्हणता येणार नाही’ हे वाक्य घ्या. घाईतला वाचक ‘वाढली’पाशी अर्थ लावून मोकळा होतो आणि पुढच्या ओळीवर जातो. पर्यायांत नेमके तेच अर्धे वाक्य असते, आणि ते ओळखीचे वाटते म्हणून तो त्यावर खूण करतो.

मग योग्य वेग शोधायचा कसा? मिनिटाला किती शब्द, हे मोजून तो सापडत नाही. मोजायचा तो उतारा हातात घेतल्यापासून शेवटच्या उत्तरापर्यंतचा पूर्ण वेळ, आणि त्या वेळात पदरात पडलेले निव्वळ गुण. एक नमुना हिशेब करून पाहू. समजा, एक विद्यार्थिनी तीनशे शब्दांचे, प्रत्येकी पाच प्रश्नांचे उतारे घेऊन ४२ मिनिटांचा सराव करते. पहिल्या दिवशी ती सावकाश वाचते: वाचायला तीन मिनिटे, प्रश्नांना चार. सहा उतारे होतात. तीस प्रश्नांपैकी २७ बरोबर, ३ चूक; निव्वळ गुण ६५.६. दुसऱ्या दिवशी ती दोन मिनिटांत वाचते, प्रश्नांना पुन्हा चारच मिनिटे लागतात. सात उतारे होतात. ३० बरोबर, ५ चूक, गुण ७१.९. तिसऱ्या दिवशी ती एका मिनिटात उतारा संपवते. पण आता कोणती गोष्ट कुठे लिहिली होती हे आठवत नाही, प्रत्येक प्रश्नाला मजकुराकडे परतावे लागते आणि प्रश्नांनाच पाच मिनिटे जातात. उतारे पुन्हा सातच होतात. २३ बरोबर, १२ चूक, गुण ५०.

वाचताना वाचवलेले मिनिट प्रश्नांनी परत घेतले, आणि चुका वर वाढल्या. नुसते वाचन घड्याळावर मोजले असते, तर तिसरा दिवस सर्वांत चांगला ठरला असता. शिवाय दुसऱ्या दिवशी चुका वाढूनही गुण वाढले, हेही महत्त्वाचे आहे. एकही चूक होऊ द्यायची नाही, असा हट्ट धरणाराही गुण गमावतो.

अर्थात एका दिवसावरून निकाल लावू नये, कारण एखादा उतारा सोपाच निघतो. प्रत्येक वेगाला निदान तीनचार बैठका द्याव्यात, उतारे न वाचलेले आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतलेच घ्यावेत, आणि वेग बदलताना उताऱ्यामागे वीसेक सेकंदांचाच फरक करावा.

त्यानंतर चुकलेले प्रश्न वेळ न लावता पुन्हा सोडवावेत. आता उत्तर बरोबर आले, तर ती चूक घाईची. तिथे वेग कमी केल्यास फायदा होतो. सावकाश वाचूनही उत्तर चुकलेच, तर वेगाचा दोष नाही. बहुधा विषय किंवा शब्द अनोळखी असतात, आणि त्यावर उपाय म्हणजे त्या विषयाचे अवांतर वाचन. शेतीच्या घरातल्या मुलाला पीककर्जाचा उतारा भरभर वाचता येतो, तर तत्त्वज्ञानाचा उतारा त्यालाच दुप्पट वेळ घेऊ शकतो. म्हणून विषयवार दोन वेग काढून ठेवावेत: ओळखीच्या विषयासाठी एक, अनोळखी विषयासाठी दुसरा. उताऱ्याची पहिली तीनचार वाक्ये वाचली की कोणता लावायचा ते कळते.