आधी उत्तर धरा, मग मोजा

एका सरळ रस्त्यावर सहा एसटी थांबे आहेत असं समजा. सुरुवातीच्या खुणेपासून ते ४, ६, ७, १३, १५ आणि २२ किलोमीटरवर आहेत. कोणतेही दोन थांबे घेतले की त्यांच्यात काही अंतर निघतं. सहा थांब्यांच्या अशा १५ जोड्या होतात. आता प्रश्न असा: ही १५ अंतरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावली, तर पाचवं कोणतं? प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींत हा प्रश्न 'के-वी सर्वांत लहान जोडी' म्हणून येतो.

सहा थांब्यांसाठी सगळी अंतरं लिहून काढली तरी चालेल. संख्या १०,००० झाल्या की जोड्या ४ कोटी ९९ लाख ९५ हजार होतात. एवढी यादी करायची, ती क्रमाने लावायची आणि तिच्यातून एकच आकडा उचलायचा, हा उद्योग महागात पडतो.

म्हणून प्रश्न उलटा करायचा. 'पाचवं अंतर कोणतं?' असं न विचारता एक अंतर मनाशी धरायचं आणि विचारायचं, 'याच्याइतक्या किंवा याहून कमी अंतराच्या जोड्या किती?' धरलेलं अंतर वाढवलं तर हा आकडा वाढेल किंवा तेवढाच राहील, घटणार मात्र नाही. त्यामुळे बायनरी सर्च चालतो. दरवेळी उरलेल्या टप्प्याचा मध्य धरायचा आणि एक बाजू सोडून द्यायची.

मोजणीसाठी संख्या आधी चढत्या क्रमाने लावायच्या आणि त्यांच्यावर दोन बोटं चालवायची. अंतर ७ धरू. उजवं बोट ६ वर असताना डावं ४ वर आहे, म्हणजे एक जोडी. उजवं ७ वर गेलं की ४ आणि ६ दोन्ही टप्प्यात येतात, आणखी दोन. उजवं १३ वर नेलं तर ४ पासूनचं अंतर ९ भरतं, म्हणून डावं बोट ६ वर सरकतं. आता ६ आणि ७ धरून दोन जोड्या वाढल्या, एकूण पाच. १५ साठी डावं बोट थेट १३ पर्यंत येतं आणि एक जोडी मिळते. २२ साठी ते १५ वर येतं, आणखी एक. एकूण सात.

डावं बोट एकदाही मागे आलेलं नाही. जो थांबा १३ पासून लांब पडला, तो १५ पासून आणखीच लांब असणार, त्याच्याकडे पुन्हा बघायचं कारण नाही. म्हणून मोजणी एकाच फेरीत उरकते. प्रोग्रॅममध्ये ती एवढीच:

```python
count = left = 0
for right in range(len(a)):
    while a[right] - a[left] > mid:
        left += 1
    count += right - left
```

आता पाचवं अंतर शोधू. सर्वांत मोठं अंतर १८, म्हणून टप्पा ० ते १८. मध्य ९ धरला तर ११ जोड्या मिळतात. पाच तर झाल्याच, म्हणून टप्पा ० ते ९ करायचा. मध्य ४: जोड्या चार, कमी पडल्या. टप्पा ५ ते ९. मध्य ७: सात जोड्या, टप्पा ५ ते ७. मध्य ६: नेमक्या पाच, टप्पा ५ ते ६. मध्य ५: चारच. उरलं ६, आणि तेच उत्तर. ७ आणि १३ यांच्यातलं हे अंतर.

इथे बरेच जण घसरतात. मोजणी नेमकी k इतकी आली की थांबायचं, असं वाटणं साहजिक आहे, पण ते चुकीचं आहे. याच थांब्यांत बारावं अंतर शोधा. ९ धरल्यावर ११ जोड्या, म्हणून टप्पा १० ते १८. मध्य १४ धरला की मोजणी बरोबर १२ येते. तिथेच थांबलात तर उत्तर १४, पण १४ किलोमीटर अंतराची जोडीच या रस्त्यावर नाही! खरं उत्तर ११. दहाव्या अंतराचं तर आणखी गमतीचं: ८ धरलं तर आठ जोड्या, ९ धरलं तर एकदम अकरा, कारण ९ अंतराच्या तीन जोड्या आहेत. मोजणी १० कधी होतच नाही. म्हणून नियम असा: मोजणी k किंवा त्याहून जास्त असेल तर वरची हद्द त्या मध्यावर आणायची, मध्य मात्र टाकायचा नाही. कमी असेल तर खालची हद्द मध्याच्या एक पुढे न्यायची. या नियमाने मोजणी k ला पोचवणारं सर्वांत लहान अंतर उरतं. मोजणी ज्या अंतरावर वाढते तिथे खरी जोडी असतेच, त्यामुळे १४ सारखा भास उरत नाही.

१०,००० संख्या १० लाखांच्या आत असतील तर अशा साधारण २० फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत दोन्ही बोटं मिळून फार तर २० हजार पावलं टाकतात, म्हणजे सगळं मिळून ४ लाखांच्या आसपास. क्रम लावण्याचा खर्च वेगळा, पण तोही किरकोळ. संख्या पूर्णांक असल्या तरच हा हिशेब असा नेमका संपतो. अपूर्णांक असतील तर किती अचूकता पुरे, हे आधी ठरवावं लागतं. शिवाय या रीतीने फक्त अंतर कळतं. ते कोणत्या जोडीचं, हे हवं असेल तर बोटं आणखी एकदा फिरवावी लागतात.