फ्रेंचमध्ये प्रश्न विचारताना

फ्रेंचमध्ये ‘तुम्ही इथे राहता का?’ हे तीन तऱ्हांनी विचारता येतं. गप्पांमध्ये ‘वू झाबिते इसी?’ म्हणजे साधं विधानच. फक्त शेवटी सूर चढवायचा. त्याच विधानाआधी ‘एस-क’ जोडलं, की प्रश्न घरी आणि कचेरीत दोन्हीकडे चालतो. नवख्याने हेच धरावं. ‘आबिते-वू इसी?’मध्ये क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. औपचारिक पत्रात, मुलाखतीत ते शोभतं. मित्राला ‘आबित-तू इसी?’ विचारलंत, तर तो जरा दचकेलच. या उलटापालटीत ‘तो बोलतो का?’चं ‘पार्ल-तिल?’ होतं: दोन स्वर भिडू नयेत म्हणून मध्ये ‘त’ घुसतो, आणि नवखे तो हमखास विसरतात. ‘मी’सोबत मात्र ही उलटापालट फ्रेंच लोकही सहसा टाळतात.